आईचा ११८ ‘नॉर्मल’, तात्यांचा ११४० ‘हाय’

प्रश्न : आमच्या घरात एकाच आठवड्यात दोघांची एनटी-प्रोबीएनपी तपासणी झाली. आई ६१ वर्षांची, उंची पाच फूट, वजन ८६ किलो, बीपीच्या दोन गोळ्या चालू. एक जिना चढली की मध्येच थांबते, रात्री दोन उशा लागतात. तिचा आकडा ११८, रिपोर्टवर ‘नॉर्मल’. तात्या (थोरले चुलते) ७२ वर्षांचे, जुनी शुगर, क्रिएटिनिन २.४. दम नाही, रोज मळ्यात चालत जाऊन येतात. पॅकेजमध्ये ही तपासणी होती, आकडा ११४०, पुढे ठळक ‘हाय’. सगळे म्हणतात, आईला वजनामुळे दम लागतो, तात्यांचं हार्ट फेल झालंय, त्यांना पुण्याला हलवा. नक्की काय करावं?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : नमस्कार. या आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे आधी न्यायचं ते आईंना. तात्यांना गाडी करून पुण्याला न्यायची घाई नाही. त्यांचीही इको व्हायला हवी, पण ती मिरज-सांगलीत दोन-तीन आठवड्यांत निवांत झाली तरी चालेल. घरात चाललंय त्याच्या बरोबर उलटं सांगतोय, म्हणून कारणं जरा सविस्तर लिहितो.

हृदयाच्या खालच्या कप्प्यांची भिंत ताणली गेली की तिथल्या पेशी एक प्रथिन तयार करतात आणि त्याचे दोन तुकडे होऊन ते रक्तात येतात. एक तुकडा बीएनपी. तो कामाचा. मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावतो, रक्तवाहिन्या सैल करतो, म्हणजे ताण पडलेल्या हृदयाचं ओझं हलकं करायला बघतो. दुसरा तुकडा एनटी-प्रोबीएनपी. त्याला स्वतःचं काही काम नाही, तो नुसता रक्तात फिरतो आणि हळूहळू बाहेर पडतो. बीएनपी वीसेक मिनिटांत निम्मा होतो, हा दुसरा तासाभराहून जास्त रेंगाळतो, म्हणून त्याचा आकडा बीएनपीपेक्षा कितीतरी मोठा येतो. नळीत काढून ठेवलेल्या रक्तातही तो बराच टिकतो, त्यामुळे नमुना गोळा करून बाहेरगावी पाठवणाऱ्या लॅबला तो सोयीचा पडतो. तुमच्या दोन्ही कागदांवर हाच आहे. शेजारच्या कुणाचा ‘बीएनपी’ १५० आला होता, असं कुणी सांगितलं तर तो आकडा यांच्याशी ताडून बघू नका. ती वेगळी तपासणी आहे.

तर हा आकडा ब्लॉकेज सांगत नाही आणि हृदय किती जोरात पंप करतं तेही थेट सांगत नाही. भिंत ताणल्यामुळे माल किती तयार झाला आणि शरीराने त्यातला किती बाहेर टाकला, एवढाच त्याचा हिशोब. लठ्ठपणा यातली तयार होण्याची बाजू कमी करतो. किडनीचा आजार बाहेर टाकण्याची बाजू अडवतो. तुमच्या घरात एक-एक नमुना दोन्हींचा आहे : आईंचं वजन जास्त आणि तात्यांचं क्रिएटिनिन २.४, म्हणजे किडनी मंदावलेली.

पावसाळ्यात आपण आयर्विन पुलाचे फूट बघतो. सांगलीत ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर मात्र इशारा ३९ ला आणि धोका ४३ ला. म्हणजे ४३ फूट ऐकून कोल्हापूरकराने सामान वर चढवायचं, तर सांगलीकराच्या हातात अजून दोन फूट असतात. लॅब मात्र आई आणि तात्या दोघांना १२५ ची एकच पट्टी लावते. लावणारच, कारण रक्त देताना चिठ्ठीवर वय आणि स्त्री की पुरुष एवढंच लिहिलेलं असतं. वजन कुणी विचारत नाही. क्रिएटिनिन त्याच नमुन्यात काढलेलं असलं तरी ते दुसऱ्या पानावर छापून येतं आणि मशीन ती दोन पानं जोडून वाचत नाही.

त्या पट्टीवरचा १२५ हा आकडा कुठला, तेही समजून घ्या. चालत दवाखान्यात आलेल्या माणसात आकडा १२५ च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी, असा त्याचा अर्थ. अचानक धाप लागून कॅज्युअल्टीत आलेल्या माणसासाठी हाच ‘बहुधा नाही’चा आकडा ३०० धरतात. दोन्ही आकडे आजार नाकारायला ठेवलेले आहेत. १२५ ओलांडला म्हणजे आजार ठरला, असं त्यात कुठेच नाही. तात्यांच्या बाबतीत तुम्ही तो नेमका तसा वाचलात. आणि आईंच्या बाबतीत नाकारण्याची ती सोयसुद्धा खात्रीची राहत नाही, कारण त्यांचं वजन.

आता आईंचंच बघू. ८६ किलो आणि पाच फूट म्हणजे बीएमआय साधारण ३७. इतक्या वजनाच्या माणसात हृदयावर तेवढाच भार असूनही हा आकडा सडपातळ माणसापेक्षा कमी येतो. पूर्वी याचं सोपं कारण सांगितलं जायचं : चरबीच्या पेशींवर बीएनपीला पकडून गिळणारी रिसेप्टरं असतात, चरबी जास्त म्हणून बीएनपी जास्त गिळला जातो. ते बीएनपीपुरतं काही अंशी खरं असेलही. पण एनटी-प्रोबीएनपी त्या रिसेप्टरला चिकटतच नाही, तरीही लठ्ठ माणसांत तोही कमीच सापडतो. म्हणजे गिळण्यापेक्षा मूळ उत्पादनच कमी पडत असणार. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही ती अवस्था आणि हार्मोन्समधले बदल यांचा त्यात हात असावा असं मानतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातून आईंचा दमही कळतो. हृदयाभोवती एक घट्ट पिशवी असते. वजन वाढतं तशी त्या पिशवीच्या आत, हृदयाला लागूनच, चरबी साठते. रक्ताचं एकूण प्रमाणही वाढलेलं असतं. मग हृदयाला फुगायला जागा अपुरी पडते. आतून रक्ताचा दाब वाढतो, पण बाहेरून पिशवी आणि चरबी आवळून धरतात, त्यामुळे भिंत दाबाच्या मानाने ताणली जात नाही. भिंत ताणली नाही की एनटी-प्रोबीएनपी तयार होत नाही. दम मात्र भिंतीच्या ताणामुळे लागत नसतो. तो आतल्या दाबामुळे लागतो, कारण तोच दाब मागे फुप्फुसात पोचतो. म्हणजे फुप्फुसात दाब भरपूर आणि रक्तात आकडा किरकोळ, असं एकाच माणसात एकाच वेळी असू शकतं.

त्यात आईंना जुना बीपी. वर्षानुवर्षं बीपीविरुद्ध ढकलून भिंत जाड होते आणि आतली पोकळी लहान राहते. जाड भिंत आणि लहान पोकळी असली की तेवढाच दाब भिंतीत वाटला जातो आणि प्रत्येक पेशीच्या वाट्याला ताण कमी येतो. आकडा आणखी खाली. असं हृदय आकुंचन पावतं झकास, पण सैल होऊन भरायला त्रास देतं. हार्ट फेल्युअरचा हा प्रकार साठीनंतरच्या, लठ्ठ, बीपी असलेल्या बायकांमध्ये वारंवार दिसतो आणि या तपासणीच्या हातून सुटणारे रुग्ण बहुतेक याच गटातले असतात.

मग आईंसाठी पट्टी किती खाली आणायची? युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये यावर एक अंदाज दिला. बीएमआय ३० ते ३५ असेल तर सीमारेषा २५ टक्क्यांनी कमी धरा, ३५ ते ४० मध्ये ३० टक्क्यांनी, ४० च्या वर ४० टक्क्यांनी. आईंचा बीएमआय ३७, म्हणजे १२५ चे होतात साधारण ८८. आईंचा ११८ त्याच्या वर आहे. आता याचा अर्थ ‘म्हणजे आजार आहेच’ असा काढू नका. ही टक्केवारी जाणकारांच्या सहमतीने ठरलेली आहे आणि साठीच्या बाईचा आकडा नुसत्या वयानेही थोडा चढतो. अर्थ एवढाच की ११८ दाखवून आईंच्या हृदयाला क्लीन चिट देता येत नाही. ‘वजनामुळे दम लागतो’ हे वाक्य कदाचित खरं निघेल, पण ते इको झाल्यावर म्हणायचं.

इकोच्या वेळी दुसरा एक ‘नॉर्मल’ तुम्हाला गाठायची शक्यता आहे. रिपोर्टमध्ये सगळ्यांची नजर जाते ती ईएफवर. आईंचा ईएफ ६० टक्के येईल, कुणीतरी ‘पंपिंग एकदम चांगलं आहे’ म्हणेल आणि विषय पुन्हा मिटेल. ज्या प्रकाराची शंका आहे त्यात ईएफ चांगलाच असतो. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘टू-डी इको’ न लिहिता ‘धाप, दोन उशा, भरण्याचा दाब बघावा’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा : डावा वरचा कप्पा मोठा झालाय का, ई बाय ई-प्राइम नावाचं गुणोत्तर किती, आणि फुप्फुसाच्या धमनीतला अंदाजे दाब किती. हे रकाने रिकामे असतील तर ती इको अर्धवट समजा आणि पुन्हा विचारा. वजन जास्त असलं की छातीतून चित्र नीट दिसत नाही, तेव्हा ते सरळ ‘दिसलं नाही’ असं लिहिलेलं असलं तरी चालेल. ‘नॉर्मल’ लिहून सोडून देऊ नये.

या प्रकारच्या हार्ट फेल्युअरसाठी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये नऊ गुणांचा एक हिशोब मांडला. बीएमआय ३० च्या वर असेल तर दोन गुण, बीपीच्या दोन किंवा जास्त गोळ्या असतील तर एक, वय साठीच्या पुढे एक, हृदयाचे ठोके एट्रियल फिब्रिलेशनमुळे अनियमित असतील तर तीन, फुप्फुसाच्या धमनीतला दाब ३५ च्या वर असेल तर एक आणि ते ई बाय ई-प्राइम ९ च्या वर असेल तर एक. शून्य-एक गुणांत आजार बहुधा नाही, सहा आणि पुढे बहुधा आहे, मधल्यांना आणखी तपासण्या. आईंचे गुण इको न करताच होतात चार. इकोतले दोन्ही आकडे वर आले की सहा. गंमत बघा, या सगळ्या हिशोबात एनटी-प्रोबीएनपीला एकही गुण नाही. ज्या रुग्णांमध्ये तो दगा देतो त्यांच्यासाठी केलेला हिशोब त्याच्याशिवाय चालतो.

बसल्या जागी केलेली इको स्वच्छ आली आणि दम तसाच राहिला, तर पुढची पायरी म्हणजे सायकलवर किंवा ट्रेडमिलवर श्रम करून घेतलेली इको. चढावर दम लागणाऱ्या बाईला टेबलावर झोपवून तपासलं तर काही वेळा दाब वाढलेला दिसत नाही, हे अगदी साधं आहे. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ईसीजी करून घ्या. आई घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हे तुम्ही घरात बघू शकता. डॉक्टरांना ते सांगा, कारण त्यानेही दम आणि बीपी दोन्ही वाढतात. खाली वाकून चुलीपाशी किंवा रांगोळी काढताना अर्ध्या मिनिटात धाप लागते का, तेही बघा. पोटामुळेही तसं होऊ शकतं, पण दोन उशांच्या जोडीला ते असेल तर मी गंभीरपणे घेतो.

निदान पक्कं झालं तर आज या प्रकारावर उपाय आहेत. पाणी उतरवणाऱ्या गोळ्या आहेत, शुगरसाठी आलेली आणि आता शुगर नसलेल्यांनाही हृदयासाठी दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं आहेत, आणि वजन उतरवणं हा इथे उपचाराचाच भाग आहे. पण यातलं काहीही घरातल्या दुसऱ्याच्या स्ट्रिपमधून सुरू करू नका.

आता तात्या. ७२ वर्षं आणि क्रिएटिनिन २.४ म्हणजे त्यांच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, ज्याला ईजीएफआर म्हणतात, येते साधारण २८. लॅबने तो छापला नसेल तर डॉक्टर वय आणि क्रिएटिनिनवरून काढून देतील. ६० च्या खाली किडनीचा आजार आणि ३० च्या खाली तो बराच पुढे गेलेला. एनटी-प्रोबीएनपीला बाहेर पडायची मोठी वाट किडनीतून जाते. बीएनपीला निदान दुसऱ्या वाटा आहेत, त्याला रिसेप्टर गिळतात, एन्झाइम तोडतं. या दुसऱ्या तुकड्याला त्या दोन्ही वाटा बंद, म्हणून किडनी मंदावली की तो अधिक तुंबतो. किडनीचा आजार असलेला माणूस धाप लागून कॅज्युअल्टीत येतो तेव्हा ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर हृदयाला दोष द्यायला १२०० च्या आसपासचा आकडा धरतात. तात्या ११४० वर, तेही दम नसताना, मळ्यात चालत जाऊन.

पण इथे एक उलटी चूकही होते, आणि ती मला तितकीच खटकते. ‘किडनीमुळे वाढलाय, सोडून द्या’ असं म्हणून कागद फाइलला लावतात. किडनीचा आजार नुसता गाळणं कमी करत नाही. तो मीठ-पाणी अंगात ठेवतो, बीपी चढवतो, रक्त कमी करतो, हृदयाची भिंत जाड करतो. म्हणजे तात्यांच्या ११४० मधला काही भाग तुंबलेला आहे, काही भाग खराच ताण आहे, आणि या आकड्याकडे नुसतं बघून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. म्हणूनच त्यांचीही इको आणि ईसीजी करायचे. ठोके अनियमित असतील तर त्यानेही हा आकडा बराच वर जातो. पाय दाबून बघा, घोट्यावर खळगा उठतो का. बीपीसाठी अम्लोडिपिन घेत असतील तर त्या गोळीनेही घोटे सुजतात, तेव्हा गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आणि गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या खात असतील तर ते लपवू नका असं त्यांना बजावा. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किडनीही बिघडवतात आणि अंगात पाणीही धरतात. असा माणूस मूत्रपिंडाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली असायलाच हवा, हृदयाचं काहीही निघालं तरी.

ज्यांना लठ्ठपणा आणि किडनीचा आजार दोन्ही आहे, त्यांच्यात आकडा एकीकडून खाली आणि दुसरीकडून वर ओढला जातो. तिथे टक्केवारी वजा-अधिक करत बसण्यात अर्थ नाही, सरळ इको बघावी.

दोघांपैकी कुणालाही रात्री झोपेतून धाप लागून उठून बसावं लागलं, बसल्या जागी बोलताना वाक्य तुटायला लागलं किंवा गुलाबी फेस पडला, तर आकडे आणि अपॉइंटमेंट विसरून त्याच रात्री कॅज्युअल्टीत न्या. तसं काही नसेल तर दोघांचंही रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, एकाच काट्यावर वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी आहे, चरबी इतक्या वेगाने वाढत नाही. अशा वेळी डॉक्टरांना फोन करा.

तात्यांच्या ११४० चा एक खरा उपयोग पुढे आहे. आज दम नसतानाचा हा त्यांचा स्वतःचा आधारभूत आकडा झाला. उद्या धाप लागली आणि आकडा तीन हजारांवर गेलेला दिसला, तर ‘किडनीमुळे असतो तेवढा’ असं कुणी म्हणू शकणार नाही. उलट ११४० चा १३०० झाला तर घाबरू नका, इतका चढउतार याच्यात आपोआप होतो. साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या पुढचा फरकच मनावर घ्यायचा. यासाठी पुन्हा करायची तेव्हा तपासणी त्याच लॅबमध्ये, एनटी-प्रोबीएनपीच, आणि त्याच दिवशी क्रिएटिनिनही करा. तेव्हा क्रिएटिनिनही चढलेलं असेल, तर आधी तिकडे बघावं लागेल.